टोनर, एसेन्स आणि फेस मिस्ट: नागपूरच्या हवेत कोणती बाटली ठेवावी आणि कोणती काढावी

चेहऱ्याची साधी निगा तीन वस्तूंत भागते: सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. या तिघांच्या मधल्या जागेत टोनर, एसेन्स आणि फेस मिस्ट या तीन पातळ, पाण्यासारख्या वस्तू शिरू पाहतात. सीताबर्डी किंवा धरमपेठेतल्या दुकानांत त्या एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडलेल्या असतात, आणि मागच्या बाजूची घटकांची यादी वाचली तर पुष्कळदा तिन्ही बाटल्यांत पहिले नाव पाण्याचे आणि दुसरे ग्लिसरीनचे किंवा ब्युटिलीन ग्लायकॉलचे निघते. बाटलीवरचे नाव हे बरेचसे विक्रीच्या सोयीसाठी असते. त्या नावामागे घटकांची ठरलेली कृती नसते. एका कंपनीचे एसेन्स दुसऱ्या कंपनीच्या टोनरसारखे असू शकते, आणि त्याच द्रवाला फवारा बसवला की त्याचे मिस्ट होते.

म्हणून “टोनर चांगला की एसेन्स चांगले” या प्रश्नाला उत्तर नाही. विचारायचे ते एवढेच, की फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन नीट वापरल्यावरही माझ्या चेहऱ्याचे कोणते काम शिल्लक राहते, आणि ही बाटली नेमके तेच काम करते का. हे घरच्या घरी, सुमारे दीड महिन्यात कसे तपासावे ते पुढे दिले आहे. उदाहरण माझ्या मावसबहिणीचे घेतले आहे. ती बँकेत काउंटरवर बसते, मनीषनगरहून सिव्हिल लाइन्सपर्यंत स्कूटीने जाते-येते, आणि एप्रिलमध्ये तिच्या आरशापुढे या तिन्ही बाटल्या उभ्या होत्या. तिची तक्रार एकच होती: इतके लावूनही चेहरा ओढल्यासारखा राहतो.

आधी तिन्ही बाटल्या बाजूला, दोन आठवडे

पहिली पायरी कंटाळवाणी आहे आणि बहुतेक जण तीच गाळतात. टोनर, एसेन्स आणि मिस्ट कपाटात ठेवून फक्त मूळ तीन वस्तू दोन आठवडे वापराव्यात. पाया डळमळीत असेल तर वरच्या थरांपैकी कोणता कामाचा आहे हे कधीच कळत नाही; कारण एक बाटली जे बिघडवते तेच दुसरी सावरत असते, आणि आपल्याला दोन्ही आवश्यक वाटू लागतात.

पाया तपासताना सर्वांत आधी फेसवॉशकडे पाहावे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू साधारण साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान असतो. नेहमीच्या अंगाच्या साबणाचा सामू नऊ ते दहाच्या आसपास असतो. अशा साबणाने धुतल्यावर त्वचा काही काळ आपल्या नेहमीच्या स्थितीपासून दूर जाते आणि तिच्या बाहेरच्या थरातले, पाणी धरून ठेवणारे काही पदार्थही वाहून जातात. तीच ती धुतल्यानंतरची ओढ. ज्या लेआउटमध्ये बोअरचे पाणी येते तिथे आणखी एक गोष्ट घडते: जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन एक न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो पांढुरका थर दिसतो, तोच थोडासा चेहऱ्यावरही उरतो. यावर उपाय टोनरचा नाही, साबण बदलण्याचा आहे. साबणविरहित, कमी फेसाचा फेसवॉश जड पाण्यातही असा साका करत नाही.

मावसबहीण दिवसातून तीनदा फेसाळ फेसवॉशने तोंड धुवत होती: सकाळी, बँकेत पोहोचल्यावर आणि रात्री. तिने तो बदलून सौम्य घेतला, सकाळी नुसत्या पाण्याने आणि रात्री एकदाच फेसवॉशने धुण्यास सुरुवात केली, आणि मॉइश्चरायझर चेहरा पूर्ण कोरडा करून नव्हे तर पंचाने हलके टिपून, कातडी दमट असतानाच लावू लागली. मे महिन्यात नागपूरच्या पंख्याखाली ओला चेहरा दोन-तीन मिनिटांत सुकतो, त्यामुळे मॉइश्चरायझरची ट्यूब बेसिनजवळच ठेवलेली बरी.

पहिला आठवडा संपेपर्यंत सकाळची ओढ गेली. तिन्ही बाटल्या कपाटात असताना गेली, हे महत्त्वाचे.

तक्रार वेळेसह लिहावी

दुसऱ्या आठवड्यात एका कागदावर रोज तीन वेळा, म्हणजे सकाळी धुतल्यावर अर्ध्या तासाने, दुपारी तीनच्या सुमारास आणि रात्री धुण्यापूर्वी, चेहरा कसा आहे ते दोन शब्दांत लिहावे. “कोरडा चेहरा” असे नुसते लिहून उपयोग नाही, कारण ओढ बसणे, पापुद्रे सुटणे, आग होणे आणि गरम वाटणे या चार वेगळ्या तक्रारी आहेत आणि चौघींचे उपाय वेगळे आहेत. ओढ आणि पापुद्रे हे ओलावा टिकत नसल्याचे लक्षण आहे. आग होणे हे बहुधा त्वचेचे संरक्षक आवरण दुखावल्याचे किंवा एखादा घटक न मानवल्याचे लक्षण असते. चेहरा गरम वाटणे हे उन्हाचे काम आहे, त्यात प्रसाधनाची उणीव असेलच असे नाही.

मावसबहिणीच्या कागदावर दोनच नोंदी पुन्हा पुन्हा आल्या. बँकेत पोहोचल्यावर चेहरा तापलेला आणि लाल. आणि दुपारी तीन ते चारच्या दरम्यान, एसीच्या झोताखाली बसल्यावर, गालांवर ओढ. म्हणजे काम दोनच जागी शिल्लक होते. आता प्रत्येक बाटलीला हे दोन प्रश्न विचारायचे.

टोनर: एक तर नेमके औषधी काम, नाही तर काहीच नाही

टोनर ही जुन्या गरजेतून आलेली वस्तू आहे. साबणाचा साका आणि कोल्ड क्रीमचा तेलकट अंश पुसून काढण्यासाठी तिचा उपयोग होता, आणि पुसल्याचा “स्वच्छ” भास यावा म्हणून तीत अल्कोहोल भरपूर असे. फेसवॉश सौम्य झाला आणि नीट धुतला गेला की पुसण्यासारखे काही उरत नाही. “त्वचेचा सामू पूर्ववत करतो” हा दावाही तिथेच संपतो, कारण ज्याने सामू बिघडवला ती वस्तूच आता वापरात नाही. आणि निरोगी त्वचा काही तासांत आपला सामू आपणच सावरते. “रंध्रे बंद करतो” हे तर मुळातच चूक आहे. रंध्रांना उघडझाप करणारे स्नायू नसतात. थंड किंवा तुरट द्रवाने भोवतालची कातडी थोडा वेळ आखडते, एवढेच.

कापसावर मळ दिसतो, मग टोनर मळ काढतो हे सिद्ध नाही का, असे मावसबहिणीने विचारले. यासाठी सोपी तपासणी आहे. रात्री नेहमीसारखा चेहरा धुवावा, टिपावा आणि मग कापूस टोनरऐवजी साध्या पाण्यात भिजवून पुसावा. कापूस तितकाच मळका निघाला तर धुणे अपुरे होते. जाड सनस्क्रीन किंवा मेकअप असेल त्या दिवशी फेसवॉशपूर्वी एकदा क्लेन्झिंग बाम किंवा मायसेलर पाणी वापरले की झाले. कापूस स्वच्छ निघाला तर टोनरला पुसायला काही नाही. तिचा कापूस, सनस्क्रीन थापून लावलेल्या दिवशी तेवढा, फिकट पिवळट निघाला.

आता दुसऱ्या प्रकारचा टोनर, ज्यात आम्ल असते. इथे मी टोनरच्या बाजूने बोलेन. नाकावर आणि हनुवटीवर काळ्या पुटकुळ्या ज्यांना नेहमी होतात, त्यांच्यासाठी 2 टक्क्यांपर्यंत सॅलिसिलिक आम्ल असलेला टोनर खरे काम करतो, कारण हे आम्ल तेलात विरघळते आणि रंध्रात साचलेला थर सैल करते. ग्लायकोलिक आम्लाचा, साधारण 5 ते 7 टक्क्यांचा टोनर वरच्या मृत पेशींचा थर उतरवतो. ही कामे मॉइश्चरायझर करत नाही, म्हणून अशा टोनरला दिनचर्येत स्वतंत्र जागा मिळू शकते. पण ती जागा रात्रीची, आठवड्यातून दोन-तीनदाच, आणि धुतलेल्या कोरड्या चेहऱ्यावर आहे. ग्लायकोलिक आम्लाने त्वचा उन्हाला अधिक हळवी होते आणि वापर थांबवल्यानंतरही हा परिणाम साधारण आठवडाभर राहू शकतो. त्यामुळे नागपुरात एप्रिल-मेमध्ये असा टोनर नव्याने सुरू करू नये. नवतप्यात तर मुळीच नाही. ज्यांना करायचा असेल त्यांनी पावसाळा संपल्यावर करावा. गरोदरपणात किंवा डॉक्टरांचे मलम चालू असताना आधी त्यांनाच विचारावे.

मावसबहिणीच्या बाटलीत पाण्यानंतर दुसरे नाव अल्कोहोल डिनॅटचे होते आणि शेवटाकडे मेंथॉल. मेंथॉल थंड करत नाही. थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ते चाळवते, कातडीचे तापमान तेच राहते. तिच्या कागदावरच्या दोन्ही तक्रारींपैकी एकीवरही या बाटलीकडे उत्तर नव्हते, उलट अल्कोहोलने दुपारची ओढ वाढण्याचीच शक्यता. टोनर बाहेर. याला चाचणीचीही गरज पडली नाही.

एसेन्स: इथे चाचणी करावीच लागते

एसेन्सचा निर्णय घटक वाचून पुरता होत नाही, कारण त्यातले घटक बहुधा चांगलेच असतात. ग्लिसरीन, हायलुरॉनिक आम्ल, नायसिनमाइड, पँथेनॉल, आंबवलेल्या यीस्टचा अर्क. अडचण अशी की यांतले पहिले चार आपल्या मॉइश्चरायझरमध्येही असू शकतात. म्हणून आधी दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून याद्या जुळवाव्यात. आपल्याकडच्या नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात आणि त्याखालचे कोणत्याही क्रमाने चालतात. फिनॉक्सिइथॅनॉल हे परिरक्षक सहसा एक टक्क्यापर्यंतच घालतात, त्यामुळे यादीत त्याच्या मागे जे काही येते ते बहुधा एक टक्क्याहून कमी आहे असे समजायला हरकत नाही. बाटलीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ज्या अर्काचे नाव आहे तो मागे फिनॉक्सिइथॅनॉलच्या नंतर आला, तर किंमत कशाची मोजतो आहोत याचा थोडा विचार करावा. अर्थात काही घटक, उदाहरणार्थ हायलुरॉनिक आम्ल, कमी प्रमाणातही पुरतात. म्हणून ही खूण पहिल्या अंदाजापुरतीच.

तिच्या एसेन्समध्ये पाणी, ग्लिसरीन, ब्युटिलीन ग्लायकॉल आणि नायसिनमाइड पुढे होते. तिच्या मॉइश्चरायझरमध्ये ग्लिसरीन आणि नायसिनमाइड दोन्ही होतेच. कागदावर तरी हे पुनरावृत्तीचे लक्षण दिसत होते, पण “मला फरक जाणवतो” असे ती ठामपणे म्हणत होती, आणि जाणवणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. म्हणून अर्ध्या चेहऱ्याची चाचणी.

नवी बाटली असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, सात दिवस लावून पाहावी. खाज, लाली किंवा पुरळ नसेल तरच चेहऱ्यावर. तिची बाटली जुनी असल्याने ही पायरी तिने सोडली.

चाचणीत एक गोष्ट बहुतेक जण चुकवतात. उजव्या बाजूला एसेन्स आणि मॉइश्चरायझर, डाव्या बाजूला कोरड्या कातडीवर नुसते मॉइश्चरायझर, अशी तुलना केली की उजवी बाजू जिंकते. पण त्यातून एवढेच सिद्ध होते की ओल्या कातडीवर मॉइश्चरायझर लावणे चांगले. आणि ओल नळाच्या पाण्यानेही मिळते. म्हणून डाव्या बाजूला तितकेच साधे पाणी लावावे. कृती अशी. चेहरा धुऊन टिपावा. उजव्या गालावर आणि कपाळाच्या उजव्या अर्ध्या भागावर एसेन्सचे सात-आठ थेंब बोटांनी दाबून बसवावेत. लगेच दुसरा हात धुऊन, ओल्या बोटांनी डाव्या बाजूला तितकेच पाणी दाबावे. अर्ध्या मिनिटाने दोन्ही बाजूंना मॉइश्चरायझरचा सारखा, वाटाण्याएवढा भाग. सकाळी त्यावर सनस्क्रीन, दोन्ही बाजूंना सारखेच. बाकी काहीही बदलायचे नाही, नवा फेसवॉश नाही, पार्लर नाही, कुणाकडून मिळालेला नमुना लावून पाहणे नाही.

सात दिवस झाले की बाजू बदलाव्यात. आपण एका कुशीवर झोपतो, चारचाकी चालवताना उजवा गाल खिडकीकडे असतो, काउंटरवर एसीचा झोत एकाच बाजूने येतो. या कारणांनी दोन गाल मुळातच सारखे नसतात. बाजू बदलल्यावर फायदाही बदलून दुसरीकडे गेला तर तो एसेन्सचा. तिथेच राहिला तर तो गालाचा.

निकाल स्वतः पाहू नये. आपण कोणत्या बाजूला काय लावले हे आपल्याला ठाऊक असते आणि डोळे तेच पाहतात. घरातल्या एखाद्या व्यक्तीला, जिला ही माहिती नाही, संध्याकाळी खिडकीजवळ उभे राहून विचारावे: कोणता गाल अधिक कोरडा दिसतो? तिरप्या उजेडात पापुद्रे आणि बारीक रेषा स्पष्ट दिसतात, ट्यूबलाइटखाली दिसत नाहीत. मावसबहिणीने हे काम आपल्या सासूबाईंकडे दिले. पहिल्या दोन दिवशी त्यांनी एसेन्सची बाजू अचूक ओळखली. “हा गाल चकाकतो गं,” असे म्हणाल्या. चौथ्या दिवसापासून उत्तरे इकडची-तिकडची होऊ लागली, आणि बाजू बदलल्यानंतर एक दिवस त्यांनी सरळ सांगितले, “मला काही दोन्हींत फरक दिसत नाही, तू उगाच विचारतेस.”

पहिल्या दोन दिवसांची चकाकी खोटी नव्हती. ग्लिसरीनसारखे पदार्थ बाहेरच्या थरात पाणी धरतात, तो थर किंचित फुगतो आणि रेषा भरून निघतात. पण मॉइश्चरायझरमधले ग्लिसरीनही तेच करते. फक्त त्याला काही दिवस लागतात, आणि चौथ्या दिवसापर्यंत डावी बाजूही तिथे पोहोचली होती. दुपारच्या ओढीबाबत तिच्या स्वतःच्या नोंदी पाहिल्या तर दोन्ही गाल सारखेच ओढत होते. म्हणजे जे काम शिल्लक होते ते एसेन्सने केलेच नाही. त्याचे कारणही समजण्याजोगे आहे: पाणी धरणारा पदार्थ थरात असला तरी वरून ते पाणी उडू न देणारे आवरण हवे, आणि एसीच्या कोरड्या झोतात सकाळी आठला लावलेले आवरण तीन वाजता विरळ झालेले असते.

तिने मग एसेन्स बंद करून दुपारी दोन वाजता, हात धुऊन, फक्त गालांवर मॉइश्चरायझरचा पातळ हात फिरवण्यास सुरुवात केली. ओढ तिसऱ्या दिवशी नाहीशी झाली. काउंटरवर बसणाऱ्याला वरून सनस्क्रीनचा प्रश्न फारसा येत नाही; खिडकीशी बसणाऱ्याने किंवा दुपारी बाहेर पडणाऱ्याने मॉइश्चरायझरनंतर सनस्क्रीन पुन्हा लावावे.

एसेन्स कोणासाठी ठेवावे, याचे उत्तरही याच चाचणीतून मिळते. ज्यांची त्वचा इतकी तेलकट आहे की दमट जुलैमध्ये कोणतेही क्रीम सोसवत नाही, त्यांना ग्लिसरीनयुक्त एसेन्स आणि वर सनस्क्रीन एवढ्यावर भागू शकते. तिथे एसेन्स हेच मॉइश्चरायझर झाले, जास्तीचा थर नव्हे. किंवा ज्यांच्या मॉइश्चरायझरमध्ये नायसिनमाइड नाही आणि डागांसाठी ते हवे आहे, त्यांनाही. मात्र तिथेही आठ-दहा आठवडे थांबल्याशिवाय निकाल लावू नये, आणि दोन आठवड्यांच्या चाचणीत डाग फिके झाले असे कोणी सांगितले तर तो उजेडाचा फरक समजावा.

खर्चाचा हिशेब इथेच करून टाकलेला बरा. तिची बाटली 100 मिलीची आणि 1,200 रुपयांची होती. एका वेळी 2 मिली, दिवसातून दोनदा, म्हणजे 25 दिवसांत बाटली संपते आणि दिवसाला 48 रुपये पडतात. कापसाने लावले तर निम्मे कापूसच पितो. इतक्या पैशांत तिचे मॉइश्चरायझर महिन्याला दोनदा विकत आले असते.

मिस्ट: नागपुरात याला उन्हाळ्यापुरती खरी जागा आहे

मिस्टविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणजे ते त्वचेला दिवसभर ओलावा देते, आणि दुसरे म्हणजे ते निव्वळ पाणी असून पैशांची नासाडी आहे. पहिले मत चूक आहे. दुसरे अर्धे खरे आहे, पण मेच्या नागपुरात पाण्याचीही किंमत असते.

आधी ओलाव्याचे. चेहऱ्यावर पडलेले बारीक थेंब कोरड्या हवेत एक-दोन मिनिटांत उडून जातात. त्यांपैकी फारच थोडे बाहेरच्या थरात मुरते आणि तेही वर आवरण नसेल तर टिकत नाही. उलट दिवसातून वारंवार भिजणे आणि सुकणे हे संरक्षक थराला हिताचे नसते. सतत हात धुणाऱ्यांचे हात का फुटतात हे आठवावे. म्हणून एसीत बसून दर तासाला फवारा मारणाऱ्याची ओढ कमी होण्याऐवजी वाढू शकते. मावसबहीण हेच करत होती. मिस्ट ओलाव्यासाठी वापरायचेच असेल तर मॉइश्चरायझरच्या आधी, त्याच्या ओल्या पायासारखे वापरावे. आणि ते काम ओले बोटही करते.

आता थंडाव्याचे. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले होते. 44-45 तर दर उन्हाळ्यात बघायला मिळते. अशा दुपारी हवा फार कोरडी असते, आणि कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते, उडताना कातडीतली उष्णता घेऊन जाते. कूलरच्या वाळ्याच्या ताटीतून थंड वारा येतो तो याच कारणाने. त्यामुळे उन्हातून आल्यावर चेहऱ्यावर मारलेला फवारा खरोखर तापमान उतरवतो, तो भास नसतो. हेच मिस्ट जुलैच्या दमट दुपारी मारले तर पाणी उडत नाही, चेहरा नुसता चिकट होतो. ज्या खोलीत कूलर दारे-खिडक्या बंद करून चालतो तिथेही हवा दमट झालेली असते आणि मिस्टचा परिणाम कमी होतो.

मावसबहिणीच्या पहिल्या तक्रारीला, म्हणजे बँकेत पोहोचल्यावर तापलेल्या चेहऱ्याला, इथे सरळ उत्तर मिळाले. पण वापरण्याची रीत ठरवावी लागली. निघण्यापूर्वी फवारून वर स्कार्फ बांधायचा नाही. ओल्या कापडात घाम आणि रस्त्याची धूळ मिळून गालांवर घासली जाते. पोहोचल्यावर स्कार्फ सोडावा, घाम स्वच्छ रुमालाने दाबून टिपावा, एक हात अंतरावरून डोळे मिटून सहा ते आठ फवारे मारावेत आणि पंख्याखाली उभे राहावे. चोळायचे नाही, टिपायचेही नाही, आपोआप उडू द्यायचे. चोळले तर खालचा सनस्क्रीनचा थर फाटतो. सनस्क्रीन तसेही घामाने आणि स्कार्फच्या घासण्याने विरळ झालेले असते, त्यामुळे पुन्हा उन्हात जायचे असेल तर ते पुन्हा लावणे भागच आहे. मिस्टमध्ये सूर्यसंरक्षक घटक असल्याचा दावा असला तरी काही फवाऱ्यांतून आवश्यक जाडीचा थर बसत नाही.

मिस्ट विकत घ्यावे की घरी करावे, हा प्रश्न मग येतोच. नुसत्या थंडाव्यासाठी उकळून गार केलेले पाणी स्वच्छ फवारा-बाटलीत भरले तरी भागते, पण ते रोज सकाळी बदलावे आणि बाटलीची नळीही गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. काकडीचा रस, पाकळ्यांचे पाणी, तांदळाचे पाणी असले काही त्यात घालू नये. परिरक्षकाशिवाय अशा पाण्यात आपल्या उन्हाळ्यात एका दिवसातच जंतू वाढू लागतात, आणि तेच आपण चेहऱ्यावर, नाकाजवळ, डोळ्यांजवळ फवारत असतो. पाणी गढूळ दिसेपर्यंत वाट पाहू नये, त्याआधीच ते खराब झालेले असते. बाजारातल्या गुलाबपाण्याची गोष्ट वेगळी. त्याच्या मागे घटकांची यादी असेल आणि तीत परिरक्षक असेल तर ते टिकते, पण गुलाबाच्या सुगंधी घटकांची काहींना ॲलर्जी असते. लावल्यावर दहा मिनिटांत चुरचुरले तर ते “काम करते आहे” असे समजू नये.

दाबाच्या धातूच्या डब्यातले मिस्ट असेल तर एक सूचना फार महत्त्वाची आहे. त्या डब्यावर 50 अंशांपेक्षा अधिक तापमानात ठेवू नये असे लिहिलेले असते. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत तापमान त्याहून सहज वर जाते, आणि स्कूटीच्या डिकीचाही भरवसा नाही. असा डबा पर्समध्ये घेऊन वर न्यावा किंवा पंपाची प्लास्टिक बाटली वापरावी.

मावसबहिणीने मिस्ट ठेवले. एप्रिलपासून पहिला पाऊस नीट पडेपर्यंत, दिवसातून दोनदा, तेही फक्त बाहेरून आल्यावर. विकतची बाटली संपल्यावर तिने नवी आणली नाही, तीच धुऊन पाणी भरले.

पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा कागद काढावा

उन्हाळ्यात लावलेला निकाल वर्षभर चालत नाही. पाऊस नीट सुरू झाला की मिस्टचे कारण संपते. जुलै-ऑगस्टमध्ये घाम आणि तेल वाढते, आणि ज्यांना नाकावर पुटकुळ्या येतात त्यांना सॅलिसिलिक आम्लाच्या टोनरचा विचार तेव्हा करता येतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो, हवा पुन्हा कोरडी होते. पण तेव्हाची ओढ भागवायला पातळ बाटल्या वाढवण्यापेक्षा मॉइश्चरायझर जाड करणे अधिक उपयोगी ठरते. प्रत्येक वेळी सगळी चाचणी नव्याने करावी लागत नाही. तीन वेळांच्या नोंदींचा एक आठवडा पुरतो, आणि नव्या तक्रारीला जी बाटली उत्तर देण्याजोगी वाटते तेवढीच तपासायची. मात्र लाली आठवडाभर टिकली, पाणी लावल्यावरही आग होऊ लागली, किंवा गालांवर तपकिरी वांग गडद होऊ लागले, तर बाटल्यांची अदलाबदल थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

उरलेल्या बाटल्यांचे काय करावे, हे शेवटी सगळेच विचारतात. एसेन्स मान, हात आणि पावलांवर मॉइश्चरायझरखाली बिनदिक्कत संपवता येते. अल्कोहोलचा टोनर चेहऱ्याला लावू नये, पण आरसा आणि चष्म्याचे प्लास्टिकचे डबे त्याने स्वच्छ पुसले जातात. बाटलीवर उघड्या डबीचे चित्र आणि त्यात 6एम किंवा 12एम असे लिहिलेले असते, म्हणजे उघडल्यापासून सहा किंवा बारा महिने. उघडल्याची तारीख बुडाला पेनाने लिहून ठेवावी, कारण कूलरशेजारच्या दमट खिडकीत ठेवलेली बाटली त्या मुदतीआधीही वास बदलते, आणि तसा वास आला की ती बेसिनमध्ये ओतून द्यावी.